सोयाबीनच्या वाढीच्या अवस्था आणि बदलतं हवामान: फायनल इयरच्या निबंधाचा आराखडा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ज्युनियर पोरंपोरी हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून काढलंय. मी लातूर जिल्ह्यातला, घरी कोरडवाहू सोयाबीन-तूर, स्वतः कृषी पदवी केलेली. आराखडा कसा लिहायचा हे पहिल्या वेळी माझाच परत आल्यावर कळलं, तेव्हा जे चुकलं ते पण खाली आहे.

विषय एवढा मोठा आहे, सुरुवात कुठून करायची?

बहुतेक जण हवामानापासून सुरुवात करतात. आधी तापमानवाढ, मग पावसातले बदल, मग दुष्काळ, मग गारपीट, आणि प्रत्येकाखाली "पिकांवर परिणाम" असा एक परिच्छेद. माझा पहिला आराखडा असाच होता आणि सरांनी एकच वाक्य लिहून परत दिला, की यात पीक कुठंय. त्यांचं बरोबर होतं. विषय पिकाच्या वाढीच्या अवस्थांचा आहे, तर कणा अवस्थांचाच पाहिजे. पेरणीपासून काढणीपर्यंत पीक जसं वाढतं तसा निबंध चालवा, आणि प्रत्येक अवस्थेत हवामान येऊन काय बिघडवतं आणि तिथंच काय करता येतं हे लिहा. उपाय शेवटी एका वेगळ्या प्रकरणात कोंबले की ते कुठल्याही पिकाला लागू पडतात, म्हणजे कुठल्याच पिकाला नीट लागू पडत नाहीत.

आणि एकच पीक घ्या. चार पिकं घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं पान येतं.

सोयाबीनच का? कापूस किंवा ज्वारी घेतली तर चालेल का?

चालेल ना, का नाही चालणार. पण मराठवाड्यात सोयाबीन घेण्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आपल्याकडं खरिपात ते सगळीकडं दिसतं, त्यामुळं शेतात जाऊन बघता येतं. दुसरं म्हणजे ते ९५-१०० दिवसांत संपतं, त्यामुळं एखादी उघडीप १५-२० दिवसांची झाली की पिकाच्या आयुष्याचा पाचवा-सहावा हिस्सा गेला. कापसाला फुलं-पात्या गळाल्या तरी पुन्हा लागायला वेळ असतो, सोयाबीनला तो वेळ नसतो. म्हणून अवस्थेचा मुद्दा सोयाबीनमध्ये लई स्वच्छ दिसतो.

अवस्था नेमक्या कोणत्या लिहायच्या?

१९७७ मध्ये फेर आणि कॅव्हिनेस यांनी दिलेली पद्धत जगभर वापरतात, तीच घ्या. त्यात शाखीय वाढीच्या अवस्था `V` ने आणि फुलं-शेंगांच्या अवस्था `R` ने दाखवतात. `R1` म्हणजे पहिलं फूल, `R3` म्हणजे शेंग धरायला लागली, `R5` म्हणजे शेंगेत दाणा भरायला सुरुवात, `R6` म्हणजे हिरवा दाणा पूर्ण भरला, `R8` म्हणजे ९५ टक्के शेंगा पिकल्या. सगळ्या अवस्थांवर लिहायची गरज नाही. माझ्या मते चार थांबे पुरतात: उगवण, फुलोरा ते शेंग धरणं, दाणा भरणं आणि पक्वता. शाखीय वाढीला एक परिच्छेद बास, कारण त्या काळात थोडा ताण पडला तर झाड नंतर सावरून घेतं.

तापमान वाढलं की पीक लवकर येतं, एवढंच लिहायचं का?

एवढं लिहिलं तर अर्धंच होईल. आधी उष्णतामानाच्या दिवसांचा हिशोब दाखवा, सूत्र साधं आहे:

```
GDD = (Tmax + Tmin)/2 - Tbase
```

सोयाबीनसाठी पायाभूत तापमान साधारण १० अंश धरतात. समजा जुलैत कमाल ३१ आणि किमान २२ आहे, तर सरासरी २६.५ आणि त्यातून १० वजा केले की दिवसाला १६.५ युनिट मिळतात. समजा फुलापर्यंत ६६० युनिट लागतात असं धरलं (हा आकडा फक्त गणित समजायला घेतलाय, तुमच्या वाणाचा वेगळा असेल), तर ४० दिवस लागतील. तेच तापमान दोन अंशांनी वाढलं तर दिवसाला १८.५ मिळतील आणि ३६ व्या दिवशीच हिशोब पूर्ण होईल. म्हणजे पानं, फांद्या, मुळं तयार करायला झाडाला चार दिवस कमी.

पण इथंच थांबू नका, कारण सोयाबीन हे दिवसाच्या लांबीवर चालणारं पीक आहे. रात्र मोठी व्हायला लागली की ते फुलावर येतं, मग युनिटचा हिशोब पूर्ण झालेला असो वा नसो. त्यामुळं प्रत्यक्षात फुलाची तारीख तापमान आणि दिवसमान दोघं मिळून ठरवतात. ही मर्यादा तुम्ही स्वतःहून लिहिली की तपासणाऱ्याला कळतं की सूत्र नुसतं पाठ केलेलं नाही.

पावसाचा खंड कोणत्या अवस्थेत सगळ्यात महागात पडतो?

सगळे जण फुलोरा म्हणतात. मी पण तेच लिहिलं होतं. पण फुलं काही दिवस, टप्प्याटप्प्यानं येत राहतात आणि चांगल्या हवेतही बरीच गळतातच, त्यामुळं पहिल्या फुलांवर ताण आला तर नंतरची फुलं थोडं भरून काढतात. खरा फटका शेंग धरताना आणि दाणा भरायला लागताना बसतो, म्हणजे `R3` ते `R5` च्या आसपास, कारण त्यानंतर झाडाकडं नवीन शेंग धरायचा पर्याय उरत नाही. हे उत्पादनाच्या घटकांनी मांडा, लगेच पटतं.

समजा एका चौरस मीटरमध्ये ४० झाडं, झाडाला ३० शेंगा, शेंगेत सरासरी २.२ दाणे आणि १०० दाण्यांचं वजन ११ ग्रॅम. सगळ्याचा गुणाकार केला की चौरस मीटरला साधारण २९० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी २९ क्विंटल, एकरी पावणेबारा. आता शेंग धरताना १८ दिवस पाऊस नाही असं धरा. शेंगा ३० च्या २० झाल्या आणि दाणा बारीक राहून १०० दाण्यांचं वजन ९ ग्रॅमवर आलं. बाकी काहीच बदललं नाही तरी चौरस मीटरला १५८ ग्रॅम, म्हणजे एकरी सव्वासहा-साडेसहा क्विंटल. झाडं तेवढीच, रान हिरवंच दिसतं, रस्त्यावरून जाणाऱ्याला पीक बरं वाटतं आणि मळणीला बसल्यावर पोतीच भरत नाहीत. आमच्या घरी हे झालेलं आहे, वडील मळणी यंत्राजवळ उभे राहून नुसते पोत्याकडं बघत होते.

हे आकडे उदाहरणाचे आहेत असं निबंधात स्पष्ट लिहा, आणि जमलं तर तुमच्या शेतातल्या १० झाडांच्या शेंगा मोजून स्वतःचे आकडे टाका, लई फरक पडतो.

खरी घटना कोणती द्यायची?

ऑगस्ट २०२३. देशपातळीवर १९०१ पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी मान्सूनही उशिरा आला होता, त्यामुळं आपल्याकडं बऱ्याच पेरण्या जुलैत गेल्या. दुसऱ्या टोकाला सप्टेंबर २०२५ द्या, मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पुरानं काढणीला आलेली रानं पाण्यात गेली. एक घटना शेंग-दाण्याच्या वेळची, दुसरी पक्वतेच्या वेळची. दोन्ही शेजारी ठेवल्या की "पाऊस कमी झाला" किंवा "पाऊस वाढला" असं सरसकट म्हणता येत नाही हे आपोआप दिसतं. पाऊस पिकाच्या कोणत्या दिवसावर पडला किंवा पडला नाही, तुमचा सगळा निबंध या एका वाक्यावर उभा करा.

पेरणीची तारीख बदलणं हा उपाय म्हणून लिहू का?

लिहा, पण तारखा मांडून लिहा. ९७ दिवसांचं वाण २५ जूनला पेरलं तर ४० व्या दिवशी फूल म्हणजे ४ ऑगस्ट, ५० व्या दिवशी शेंग धरणं म्हणजे १४ ऑगस्ट, दाणा भरणं २४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, काढणी ३० सप्टेंबर. तेच १२ जुलैला पेरलं तर फूल २१ ऑगस्ट, शेंग ३१ ऑगस्ट, दाणा १० ते ३० सप्टेंबर, काढणी १७ ऑक्टोबर. आता यावर ऑगस्टचा कोरडा महिना ठेवून बघा. पहिल्या पेरणीत फूल, शेंग आणि दाण्याची सुरुवात असं सगळं त्यात सापडतं. दुसऱ्या पेरणीत बराचसा महिना शाखीय वाढीत जातो आणि शेंग सप्टेंबरवर येते. मग उशिरा पेरणं चांगलं का? तर नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणं दिवस लहान होत जातात, उशिरा पेरलेलं झाड लहान असतानाच फुलावर येतं, फांद्या कमी राहतात, कालावधीही काही दिवसांनी आखडतो आणि काढणी परतीच्या पावसात सापडायची भीती राहतेच. शिवाय ऑगस्ट कोरडा जाणार हे जूनमध्ये कुणाला माहीत असतं?

म्हणून शेतकऱ्याच्या हातात तारीख निवडणं फार कमी असतं, ओल ठरवते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरायचं हा नियम दुबार पेरणी टाळण्यासाठी आहे, त्याला उगवणीच्या भागात जागा द्या. सगळं रान एकाच दिवशी न पेरता दोन टप्प्यात पेरलं तर सगळी शेंग एकाच खंडात सापडत नाही, हा मुद्दा मला स्वतःला जास्त प्रामाणिक वाटतो, फक्त वाफसा तेवढे दिवस टिकला पाहिजे आणि ट्रॅक्टरवाल्याला दोनदा बोलवावं लागतं.

काढणीच्या वेळच्या पावसावर काय लिहायचं? शेंगेला कोंब फुटले, एवढंच?

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित राहतो आणि मला तर हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. पिकलेली शेंग पावसात भिजली, उन्हात वाळली, पुन्हा भिजली की साल सुरकुततं, तडकतं, बुरशी आत जाते. तो दाणा बाजारात डागी म्हणून कमी भावात जातो हे तर झालंच, पण आपल्याकडं पुष्कळ शेतकरी घरचंच बियाणं ठेवतात, आणि तोच दाणा पुढच्या जूनमध्ये पेरणीला येतो. म्हणजे या ऑक्टोबरचा पाऊस पुढच्या वर्षीच्या उगवणीवर बसतो. २०१९ मध्ये काढणीच्या वेळी अवकाळी पावसानं सोयाबीन भिजलं आणि २०२० च्या खरिपात न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यभर पूर आला. त्यात सदोष बियाणं विकल्याची प्रकरणं होती, खोल पेरणी होती, पेरल्यावरचा ताण पण होता, एकट्या पावसावर सगळं ढकलू नका, पण ही साखळी आराखड्यात असायलाच पाहिजे. दोन हंगामांना जोडणारा दुवा दाखवणारे निबंध मी फार कमी वाचलेत.

उपाय इथंच लिहा, तो फुकटचा आहे. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून ओलसर ठेवायची आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले मोजायचे. ७० च्या वर आले तर नेहमीचं बियाणं पुरतं. समजा ६२ च आले आणि तुम्ही ७० टक्क्यांना एकरी ३० किलो वापरता, तर ३० गुणिले ७० भागिले ६२, म्हणजे जवळपास ३४ किलो लागेल. ५० च्या खाली आले तर ते बियाणं म्हणून धरूच नका. पेरताना ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली दाणा गेला की चांगलं बियाणंही वर येत नाही, हे पण एका ओळीत टाका. आणि बियाण्यासाठी ठेवायचा माल मळणी यंत्राचा वेग कमी ठेवून काढायचा, नाहीतर पावसातून वाचलेलं साल यंत्रात फुटतं.

उपायांत रुंद वरंबा सरी आणि शेततळं सगळेच लिहितात. वेगळं काय लिहिणार?

सगळे नाव लिहितात, काम कसं करतं ते लिहीत नाहीत. आपली काळी जमीन पाणी धरते, पण जास्त झालं की निचरा होत नाही. मुळांच्या गाठीतल्या जिवाणूंना हवा लागते, चार दिवस पाणी साचलं की गाठी काम थांबवतात आणि पीक पिवळं पडतं, लोक मग युरिया टाकायला पळतात. वरंब्यावर ३-४ ओळी आणि बाजूला सरी असली की जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि कमी पावसात त्याच सरीत मुरतं. म्हणजे एकच उपाय जुलैच्या मुसळधारेला आणि ऑगस्टच्या उघडिपीला दोन्हीला उपयोगी पडतो. मर्यादा ही, की सरी उताराला आडवी पाहिजे आणि खाली पाण्याला सुरक्षित वाट पाहिजे, नाहीतर सरी फुटून मातीच वाहून जाते. यंत्र मिळालं नाही तर तीन-चार ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवून कोळपणीच्या वेळी तिथं सरी पाडतात, गावाकडं पट्टा पेर म्हणतात, ते जास्त लोकांना परवडतं.

शेततळ्याचा हिशोब करून दाखवा. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार असेल तर साधारण २२ लाख लिटर पाणी बसतं. एका एकराला ५० मिलिमीटरचं एक पाणी द्यायला २ लाख लिटर लागतं. म्हणजे तळं पूर्ण भरलेलं असेल तर दहा एकराला शेंग धरताना एक पाणी, बाष्पीभवन धरलं तर त्याहून कमी. तुषारनं ३० मिलिमीटरच दिलं तर आणखी रान भिजतं. एकच पाणी, पण `R3` ला दिलेलं, वरच्या हिशोबातल्या शेंगा वाचवणारं. आणि ज्या वर्षी जुलैतच पाऊस कमी झाला त्या वर्षी तळंच भरत नाही, हे लपवू नका. बोअरचं पाणी उपसून तळं भरणाऱ्यांची पण नोंद घ्या. ते शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी स्वतःच्या तळ्यात आणून वाळवणं आहे, माझ्या मते त्याला अनुकूलन म्हणू नये, आणि हे मी निबंधातही असंच लिहिलं होतं.

उघडिपीत पोटॅशियम नायट्रेटची १ टक्का फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, ही शिफारस तुम्हाला सगळीकडं सापडेल. लिहा, फक्त ती पाण्याची जागा घेत नाही, थोडे दिवस तग धरायला मदत करते, असंच लिहा.

वाण बदला, हा उपाय लिहिला तर चालतो का?

नुसतं "ताणसहनशील वाण वापरावेत" असं लिहू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२, एमएयूएस-६१२ असे वाण आहेत आणि जुनं जेएस-३३५ अजूनही लोक धरून आहेत. यातलं कोणतं कोणत्या अवस्थेचा धोका कमी करतं ते लिहा. उदाहरणार्थ एमएयूएस-१५८ शेंगा तडकण्याला सहनशील म्हणून घेतात, म्हणजे त्याचा उपयोग पक्वतेनंतर काढणी चार दिवस लांबली तर, ऑगस्टच्या खंडाला नाही.

आंतरपीक पण याच भागात बसतं. सोयाबीनमध्ये तूर घेतली की दोन पिकांच्या नाजूक अवस्था वेगवेगळ्या महिन्यांत येतात. सोयाबीनची शेंग ऑगस्टमध्ये गेली तरी तूर तेव्हा अजून वाढीतच असते आणि तिचं मूळ खोल जातं. एकाच खंडात दोन्ही जात नाहीत.

वाढत्या कार्बन डायऑक्साइडनं फायदा होतो असं वाचलं, ते टाकायचं का?

थोडक्यात टाका. सोयाबीन सी-३ गटातलं पीक आहे, त्यामुळं हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढतं, ज्वारीला तेवढा फायदा होत नाही. पण शेंग धरताना पाणीच नसेल तर झाड पर्णरंध्रं मिटून बसतं आणि वाढलेला वायू आत जातच नाही. एक परिच्छेद, बास.

आकडेवारी कुठून घ्यायची?

पावसासाठी महसूल मंडळनिहाय रोजची नोंद राज्य सरकारच्या महारेन साइटवर मिळते. तालुक्याची मासिक बेरीज घेऊ नका, ती फसवते. ऑगस्टची बेरीज १२० मिलिमीटर असली तरी त्यातले १०० मिलिमीटर एकाच रात्री पडलेले असू शकतात. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरतं, त्या मापानं कोरडे दिवस मोजा आणि सलग किती आले ते पिकाच्या तारखांखाली मांडा. मंडळातलं पर्जन्यमापक गावापासून दहा किलोमीटरवर असेल तर तेही सांगा, कारण आपल्याकडं एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडं कोरडं असतं.

एकूण कल सांगायला पुण्याच्या आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास घ्या. १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं त्यात आहे. एखादं वर्ष कोरडं गेलं म्हणून लगेच हवामान बदल असं मात्र लिहू नका, दुष्काळ आपल्याकडं आधीही होतेच.

२५०० शब्दांत कोणत्या भागाला किती जागा?

सारखी वाटणी करू नका. मी अशी केली होती: प्रस्तावना आणि गावाची ओळख २५०, उगवण ४००, शाखीय वाढ १५०, फुलोरा ते शेंग ७००, दाणा भरणं ३००, पक्वता आणि पुढच्या वर्षीचं बियाणं ५००, आणि उरलेले २०० शब्द या गोष्टीसाठी की कोणता उपाय कुणाला परवडत नाही. दोन एकरवाल्याला ३० बाय ३० चं तळं म्हणजे नऊ आर, त्याच्या रानाचा दहावा-नववा हिस्सा पाण्याखाली, बांध धरला तर अजून जास्त. त्याच्यासाठी पट्टा पेर, उगवण तपासणी आणि तुरीच्या ओळी एवढंच हातात उरतं, आणि आराखड्यात त्याचं नाव नसेल तर तो आराखडा माझ्या गावाचा नाही.

वडिलांना विचारलेलं लिहिलं तर चालेल का, की संशोधन पेपरच पाहिजेत?

दोन्ही पाहिजेत. पण वडिलांना "हवामान बदललंय का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की मागच्या पाच वर्षांत पेरणी कोणत्या तारखेला झाली, फूल कधी दिसलं, शेवटचा पाऊस कधी झाला, काढून ठेवलेली गंजी भिजली का. आमच्या वडिलांनी पेरणीच्या तारखा दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेल्या होत्या, जुनी कॅलेंडरं माळ्यावर सापडली आणि माझा अर्धा निबंध तिथूनच निघाला. मंडळाच्या पावसाच्या नोंदीशेजारी त्या तारखा मांडल्या तेव्हा दिसलं की ज्या वर्षी पोती कमी भरली त्या वर्षी एकूण पाऊस काही कमी नव्हता, शेंगेच्या दोन आठवड्यांत तेवढा आला नव्हता.